बॉल पकडला, पण कसा पकडला?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते तीन ते सहा वर्षांच्या पोरांच्या हालचाली तपासण्याबद्दल. लंगडी घालणं, बॉल पकडणं, तोल सांभाळणं वगैरे, आणि त्यासाठी जो तक्ता लागतो, ज्याला आपण सगळे रुब्रिक म्हणतो, तो कसा करायचा.

थेट किस्साच सांगते, कारण मला तोच सांगायला आवडतो.

माझा पहिला तक्ता एकदम सुटसुटीत होता. बॉल दहा वेळा टाकायचा, आठ किंवा जास्त पकडले तर 'उत्तम', पाच ते सात 'ठीक', त्याखाली 'सराव हवा'. एका मुलीनं आठ पकडले, तिला उत्तम. एका मुलानं तीनच पकडले, त्याला सराव हवा. शेजारच्या वर्गाच्या बाई बाजूला उभं राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही हे उलटं लिहिलंय." मला रागच आला, खरं सांगते. मग त्या म्हणाल्या, परत टाका आणि या वेळी बॉलकडे नाही, पोरीकडे बघा.

बघितलं. बॉल यायला लागला की पोरगी मान वळवायची, डोळे गच्च मिटायची आणि दोन्ही हातांनी छातीशी मिठी मारायची. बॉल त्या मिठीत सापडायचा, कारण मी तो बरोब्बर तिच्या छातीवरच टाकत होते! आणि तो मुलगा? कोपर वाकवून हात आधीच पुढे, नजर बॉलवर, हात बॉलकडे लांब जायचे, फक्त बोटं जरा उशिरा मिटायची म्हणून निसटायचा. पकडायला कोण जवळ आलं होतं, तुम्हीच सांगा.

म्हणजे किती पकडले हे एक माप आणि कसे पकडले हे दुसरं. परत सांगते, किती वेगळं आणि कसं वेगळं. टीजीएमडी नावाची जी चाचणी यासाठी खूप वापरतात तीही 'कसं' हेच बघते. प्रत्येक कौशल्याच्या थोड्याच खुणा, दिसली तर एक, नाही दिसली तर शून्य, आणि दोनदा करून घ्यायचं.

मग आम्ही दोघींनी नवीन तक्ता केला. पहिली ओळ लिहिली, 'नजर बॉलवर आहे आणि हात पुढे आहेत'. मोबाईलवर शूटिंग करून बारा पोरं दोघींनी वेगवेगळी तपासली, तर या एका ओळीत सात पोरांचं उत्तर जुळेना. कारण काहींची नजर होती पण हात खाली, मग हो लिहायचं की नाही? 'आणि' आला की ओळ फोडायची, बस. फोडल्यावर बॉल पकडण्याच्या एकूण चार ओळी झाल्या: नजर बॉलवर, हात आधीच पुढे, हात बॉलकडे लांब होतात, छातीला न टेकवता फक्त हातांनी पकडतो. आता मुलाला चारपैकी तीन आणि मुलीला शून्य.

(आणि हो, 'छान', 'आत्मविश्वासाने' असले शब्द तक्त्यात नकोतच, ते दिसत नाहीत. ते स्मायलीवाले रिपोर्ट तर मला अजिबात सहन होत नाहीत, आईवडिलांना त्यातून काय कळतं देव जाणे.)

पण किस्सा संपला नाही. त्याच मुलीला मी मोठा मऊ स्पंजचा बॉल दिला, जवळून, खालून हळूच टाकला. डोळे उघडे! हात पुढे! थेट तीन. म्हणजे आधीचा शून्य हा अर्धा त्या कडक बॉलच्या भीतीचा होता. तेव्हापासून तक्त्याच्या वरच लिहिते, बॉल कुठला, किती अंतरावरून, कोणी टाकला. हे बदललं की मार्क बदलतात, परत सांगते, पोर तेच आणि मार्क वेगळे.

लंगडीचं थोडक्यात. उचललेला पाय झोपाळ्यासारखा मागेपुढे होतो का, हात पुढे झोका घेतात का, न थांबता चार उड्या होतात का. उजवा आणि डावा पाय वेगवेगळ्या रकान्यात लिहा, एकत्र केलं की कच्चा पाय लपतो.

तोल मात्र टीजीएमडीमध्ये वेगळा नाहीये, तो आपला आपणच जोडावा लागतो. एका पायावर किती सेकंद हे मोजा, पण सोबत हेही लिहा की उचललेला पाय दुसऱ्या पायाला टेकवून ठेवला होता का, कारण तशी टेकून काढलेली दहा सेकंदं आणि मोकळ्या पायानं काढलेली दहा सेकंदं एक नव्हेत. आणि मोजे काढायला लावा हो, गुळगुळीत फरशीवर मोज्यात मीसुद्धा पडेन.