चौथ्याची आंघोळ

नमस्कार श्रोतेहो. ठाणे, कळवा, वाशी, कोपरखैरणे या पट्ट्यात मी गॅस गिझर बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. थंडी पडली की लोक हमखास विचारतात, "गिझर चांगल्या कंपनीचा आहे, सर्व्हिसिंग वेळेवर होतं, मग भीती कसली?" आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे. गिझरमध्ये काहीही बिघाड नसला, तरी बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. त्याला हवा कमी पडली की झालं.

आपल्याकडचं नेहमीचं बाथरूम आठवा. चार बाय सहा फूट, उंची आठ फूट. म्हणजे आत साधारण साडेपाच हजार लिटर हवा. डक्टकडे उघडणारी काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी. कबुतरं येतात, गारठा येतो म्हणून तिच्यावर प्लास्टिक चिकटवलेलं. पाणी बाहेर वाहू नये म्हणून दाराखालची फटही बुजवलेली. आणि भिंतीवर मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सात-आठ लिटर हवा पुरते. हा गिझर पूर्ण आचेवर असला की मिनिटाला सुमारे दोनशे लिटर हवेतला ऑक्सिजन संपवतो.

हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम २१ टक्के. खोली अगदी बंद असेल, तर तो १८ टक्क्यांवर यायला हिशोबाने चार मिनिटंही लागत नाहीत. फटींतून थोडी हवा येते, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त वेळ लागतो, इतकंच. त्यानंतर गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड भराभर वाढू लागतो. बर्नर तीच वापरलेली हवा पुन्हा ओढून घेतो आणि ज्योत आणखी बिघडते.

आता समजा, घरात चार माणसं आहेत, सकाळची घाई आहे आणि आंघोळी एकामागून एक चालल्या आहेत. पहिला ठणठणीत बाहेर येतो. दुसऱ्याचं डोकं किंचित जड होतं, तो म्हणतो पित्त झालं असेल. मधल्या वेळात दार क्षणभर उघडतं आणि लगेच लागतं. चौथी व्यक्ती आत जाते तेव्हा तिच्या वाट्याला तिघांनी मागे ठेवलेली हवा येते. तिचं डोकं ठणकतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडी हातभर अंतरावर असते, पण तिथवर हात उचलत नाही.

वास येईल, मग कळेल, असं कुणी समजू नका. सिलिंडरच्या किंवा पाइपच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळला की तो वासही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर गिझर ताबडतोब बंद करा. पण ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

"एक्झॉस्ट लावलाय ना," असंही ऐकतो. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरत राहतो.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे: गिझर बाथरूममध्ये नकोच. तो ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणा. घर भाड्याचं आहे, मालक ऐकत नाही, तर तोवर दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आत जा. गिझर चालू ठेवून शॉवर घेऊ नका. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा.

आतून उत्तर येत नसेल तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका. श्वास चालू नसेल आणि सीपीआर येत असेल तर लगेच सुरू करा.

दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा: "बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालू होता." नाहीतर हा प्रकार चक्कर किंवा फिट म्हणून बघितला जाऊ शकतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. माणूस गुदमरलेला असताना तो ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. घरात कुणी गरोदर असेल तर तेही सांगा. आणि त्या सकाळी आधी आंघोळ केलेल्या तिघांनाही सोबत न्या, विशेषतः ज्याला पित्त झाल्यासारखं वाटत होतं त्याला.