निश्चयकात k असतो तेव्हा

फळ्यावर तीन समीकरणं लिहितोय. चलं x, y, z, आणि k ही एक संख्या, जी कोणती ते अजून ठरलेलं नाही.

```
kx +  y +  z = 1
 x + ky +  z = k
 x +  y + kz = k²
```

k च्या कोणत्या किमतीला या संचाला एकच एक उकल मिळत नाही, हा प्रश्न. एकच एक उकल न मिळण्याची खूण म्हणजे सहगुणकांचा निश्चयक शून्य होणं. म्हणजे आधी निश्चयक काढायचा, त्याचा k मधला बहुपदी अवयवांत मांडायचा आणि मुळं वाचायची. ऐकायला सरळ आहे. पण उत्तरपत्रिका तपासताना मला या गणितात एक उत्तर वारंवार दिसतं: k = 0, k = 1, k = −2. यातलं पहिलं चूक आहे. ते शून्य येतं कुठून, ते आधी पाहू.

मुलं पहिल्या ओळीतल्या k च्या मदतीने खालचे दोन एक घालवायला जातात. अपूर्णांक नको म्हणून लिहितात R2 → kR2 − R1 आणि R3 → kR3 − R1. मिळतं हे:

```
| k    1      1    |
| 0   k²−1   k−1   |
| 0   k−1    k²−1  |
```

पहिल्या स्तंभाने विस्तार केला की k[(k²−1)² − (k−1)²], आणि सोडवलं की k²(k−1)²(k+2). आता इथे क्षणभर थांबा आणि घात मोजा. हा पाचव्या घाताचा बहुपदी झाला. मूळ निश्चयकात तीन ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत k एकदाच, तोही पहिल्या घातात. तीन घटकांच्या गुणाकारात k चा घात तीनच्या वर जाणार कसा? दोन घात जास्तीचे आले, आणि ते आपणच घातले.

एका ओळीत दुसऱ्या ओळीची पट मिळवली तर निश्चयक बदलत नाही. पण kR2 − R1 ही क्रिया तशी नाही. त्यात R2 ला आधी k ने गुणलंय, आणि ओळीला k ने गुणलं की अख्खा निश्चयक k पट होतो. हे दोनदा केलं, म्हणून k² चिकटला. समीकरणं सोडवताना ओळीला शून्येतर संख्येने गुणणं निरुपद्रवी असतं, उकल तीच राहते. त्या सवयीनेच हात निश्चयकातही तसा चालतो. पण इथे ओळ कितीने गुणली याची नोंद ठेवावीच लागते, आणि k शून्य असण्याची शक्यता असेल तर समीकरणांतही ही मुभा नाही. खात्री हवी असेल तर मूळ संचात k = 0 घालून बघा: y + z = 1, x + z = 0, x + y = 0. यातून x = −1/2, y = z = 1/2. व्यवस्थित, एकमेव उकल.

मग नीट कसं करायचं? हिशोबाला हात घालण्याआधी निश्चयकाकडे जरा बघत बसा. कोणत्याही स्तंभाची बेरीज करा, k + 2 येते. म्हणून R1 → R1 + R2 + R3. ही परवानगी असलेली क्रिया आहे, किंमत तीच राहते. पहिली ओळ झाली k+2, k+2, k+2, आणि तिच्यातून k+2 बाहेर काढला:

```
        | 1  1  1 |
(k+2) · | 1  k  1 |
        | 1  1  k |
```

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतून पहिली वजा करा. दुसरी ओळ होते 0, k−1, 0 आणि तिसरी 0, 0, k−1. कर्णाखाली सगळी शून्यं, म्हणून कर्णावरच्या पदांचा गुणाकार: (k+2)(k−1)². तिसरा घात, जसा हवा तसा. k = 0 ठेवलं तर 2 येतो. मूळ निश्चयकात k = 0 ठेवून हाताने विस्तार केला तरी 2 च येतो. एवढी पडताळणी अर्ध्या मिनिटाची असते. ती टाळू नका.

तर संशयित किमती दोन, 1 आणि −2. पण निश्चयक शून्य आहे एवढ्यावरून फक्त एकमेव उकल नाही इतकंच कळतं. उकली अनंत की एकही नाही, हे उजवी बाजू ठरवते, आणि प्रत्येक किंमत वेगळी तपासावी लागते.

k = −2 घ्या. तिन्ही समीकरणांची बेरीज केली तर डावीकडे सगळं उडून शून्य राहतं, उजवीकडे 1 − 2 + 4 = 3. शून्य बरोबर तीन, उकल नाही. भूमितीत यात कोणतीही दोन प्रतलं समांतर नाहीत. प्रत्येक दोन प्रतलं एका रेषेत छेदतात, पण अशा तीन रेषा एकमेकींना समांतर राहतात. तंबूच्या दोन उतरत्या बाजू आणि खालची जमीन असतात ना, तसं. तिन्हींना सामाईक बिंदू सापडतच नाही.

k = 1 ला तिन्ही समीकरणं x + y + z = 1 हीच होतात. अख्खं प्रतल उकलींचं.

इथे दहावीची एक सवय आडवी येते. क्रेमरची पद्धत (गॅब्रिएल क्रेमरने ती १७५० साली छापली) आपण दोन चलांत शिकतो, आणि तिथे सगळे निश्चयक शून्य आले की अनंत उकली असं म्हणून मोकळे होतो. नेहमीच्या दोन समीकरणांत ते चालतं. तीन चलांत ते घसरतं. याच संचाची उजवी बाजू 1, k, k² ऐवजी 1, 2, 3 करा आणि k = 1 ठेवा. D मध्ये तिन्ही स्तंभ सारखे, Dx, Dy, Dz या प्रत्येकात दोन स्तंभ सारखे, म्हणून चारही निश्चयक शून्य. आणि समीकरणं? x + y + z ची किंमत 1 ही, 2 ही आणि 3 ही. तीन समांतर प्रतलं, उकल शून्य. म्हणून संशयित किमतीला क्रेमर बाजूला ठेवा आणि उजव्या बाजूसकट ओळींच्या क्रिया करा.

आता k या दोन किमतींच्या जवळ असताना काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. मूळ संच k = 1 आणि k = −2 सोडून सोडवला तर

```
x = −(k+1)/(k+2)    y = 1/(k+2)    z = (k+1)²/(k+2)
```

k = −1.99 ठेवा: x = 99, y = 100, z = 98.01. सहगुणक साधे, उजव्या बाजू चारच्या आत, आणि उत्तरं शंभराच्या घरात. k आणखी सरकवला की ती हवी तेवढी मोठी होतात. k = 1 जवळ मात्र असं काही घडत नाही. उकलीच्या सूत्रात k−1 उरलेलाच नाही, तो अंश-छेदातून कटला, आणि k एककडे नेला की उकल (−2/3, 1/3, 4/3) कडे जाते, जो त्या प्रतलावरचाच एक बिंदू आहे. उजवी बाजू 1, 2, 3 असती तर k−1 छेदात टिकला असता आणि इथेही उत्तरं उसळली असती.

एक शंका नेहमी येते: (k−1)² असा दुहेरी अवयव आला म्हणून k = 1 ला दोन ओळी शून्य झाल्या का? या गणितात झाल्या, पण तो नियम नाही. पहिल्या ओळीत k−1, 1 आणि दुसऱ्या ओळीत 0, k−1 असा निश्चयक घ्या. किंमत (k−1)² च आहे, तरी k = 1 ला पहिली ओळ 0, 1 अशी उभी राहते. किती ओळी खरंच उरतात, ते मुळाच्या घातावरून वाचता येत नाही. k ची किंमत घालून ओळी मोजाव्या लागतात.