‘यल्ला’ कुठे, ‘खलास’ कुठे

मंडळी, मी कुवेतमध्ये बरीच वर्षं बांधकामाच्या सामानाच्या गोदामावर काम केलं. अरबी शिकलो ते पुस्तकातून नाही, फोनवर आणि ट्रकच्या पायरीवर. सुरुवातीला शंभरेक शब्द पाठ केले. पाणी, भाकरी, उद्या, किती, कुठे, सगळे. पण ज्या दोन शब्दांनी मला सर्वांत जास्त अडवलं ते कुठल्याच यादीत नीट सापडत नाहीत. ‘यल्ला’ आणि ‘खलास’. आज त्यांच्याचबद्दल बोलणार आहे.

‘खलास’पासून सुरुवात करतो, कारण तो आपल्या ओळखीचा वाटतो आणि तिथेच फसवतो. आपण म्हणतो, ‘दूध खलास’, ‘पैसे खलास’. शब्द अरबीच आहे. ख-ल-स ही त्याची मूळ अक्षरं, आणि त्यांचा अर्थ मोकळं होणं, सुटणं, शुद्ध निघणं असा. त्याच मुळातून ‘खुलासा’ आला. अरबीत ‘खुलासा’ म्हणजे काढलेलं सार, आणि आपल्याकडे येता येता तो स्पष्टीकरण झाला. ‘खलाशी’ही याच घराण्यातला मानतात. म्हणजे कोकणातल्या माणसाच्या तोंडात हे मूळ आधीपासूनच बसलेलं आहे. पण मराठीत ‘खलास’चा एक कोपराच आला, संपण्याचा. अरबी माणूस तो शब्द संपण्यासाठी तर वापरतोच, पण त्याहून जास्त वापरतो तो बोलण्यातली एखादी गोष्ट बंद करण्यासाठी. हा फरक मला एका ट्रकने शिकवला.

सकाळी एक इजिप्शियन मुकादम फोनवर होता. त्याला सिमेंट हवं होतं. आमच्याकडे त्या दिवशी सिमेंट संपलेलं होतं. त्याने विचारलं, ‘अस्मिंत, खलास?’ त्याच्या मनातला प्रश्न होता, सिमेंटचं ठरलं ना, पक्कं ना? माझ्या मनात मराठी ‘खलास’. मी अगदी ठामपणे म्हणालो, ‘खलास!’ म्हणजे माल संपला. त्याने ऐकलं, ठरलं. त्यानेही ‘खलास’ म्हटलं आणि फोन ठेवला. दोन तासांनी ट्रक दारात, आणि द्यायला एक पोतं नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो अजिबात चुकला नव्हता. दोघांनी एकच शब्द उच्चारला आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळी कामं होती.

माल संपलाय हे सांगायला तिथे मी काय म्हणायला हवं होतं? साधं, ‘स्मिंत माफी’. ‘मा फी’ म्हणजे ‘नाही आहे’. आपल्या कानाला तो शब्द क्षमेसारखा वाटतो, पण तो क्षमेशी काही संबंध ठेवत नाही. आखाती मजुरांच्या मोडक्या अरबीत ‘माफी’ हा सगळ्यांना कळणारा शब्द आहे. नियम मी पुढे असा लावून घेतला की वस्तू संपलीय हे सांगायचं तर वस्तूचं नाव घेऊन ‘माफी’ म्हणायचं. एकटा ‘खलास’ वस्तूबद्दल बोलत नाही, तो आपल्या दोघांमधल्या बोलण्याबद्दल बोलतो.

आता त्या एकट्या ‘खलास’चं काम पाहा. कोणी ताटात वाढतोय आणि तुम्ही हात आडवा करून म्हणता, ‘खलास’, तेव्हा तो ‘पुरे’. लहान मूल रडतंय आणि आई पाठीवर थोपटत म्हणते, ‘खलास, खलास, हबीबी’, तेव्हा ‘झालं, झालं, रडू नको’. दोन माणसं किमतीवरून घासाघीस करतात आणि एक म्हणतो, ‘खलास, अशरा’, तेव्हा ‘ठरलं, दहा’. कोणी माफी मागतोय आणि समोरचा म्हणतो, ‘खलास’, तेव्हा ‘सोड, झालं गेलं’. आणि भांडणात कोणी मोठ्याने एकदाच ‘खलास!’ म्हणाला तर तो म्हणजे आता एक शब्दही पुढे नको. पुरे, झालं, ठरलं, जाऊ दे, बास. मराठीत आपल्याला पाच शब्द लागतात, अरबीत एक पुरतो. कुठला अर्थ आहे ते सूर सांगतो, आणि तो शब्द बोलण्यात कुठे पडला ते सांगतं. दोनदा, हळू, लांबवून म्हटला तर जवळपास नेहमी समजूत घालणं असतं. एकदाच, तोडून, दुसऱ्याचं वाक्य संपण्याआधी म्हटला तर तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत असं होतं. नव्या माणसाने सर्वांत जास्त सांभाळायचं ते हे. एक थोरली व्यक्ती काही समजावून सांगतेय आणि आपण ‘कळलं, कळलं’ या अर्थाने मध्येच ‘खलास’ म्हणालो तर ते उद्धट लागतं. तिथे ‘तय्यिब’ म्हणावं. शब्दाचा अर्थ ‘चांगलं’, पण त्याचं काम अगदी आपल्या ‘बरं’चं. ऐकलं, पुढे बोला.

उच्चाराबद्दल एक वाक्य. जोर शेवटच्या भागावर, ‘ख-लाऽस’, आणि ‘ख’ घशातून घासून. आपला ‘ख’ लागला तरी समजतं, पण ‘ला’ आखूड केला तर कधी कधी ऐकणारा थबकतो.

मजुरांच्या मोडक्या अरबीत मात्र ‘खलास’ला आणखी एक नोकरी लागली आहे, आणि ती मला फार आवडते. त्या बोलीत क्रियापदाची रूपं जवळपास गळून पडतात. काम केलं, करतोय, करणार, सगळ्याला एकच रूप. मग काम पूर्ण झालं हे कसं सांगायचं? शेवटी ‘खलास’ लावून. ‘अना सव्वी खलास’ म्हणजे मी करून टाकलं. मराठीतला ‘टाकलं’ जसं कामाच्या पूर्णत्वावर शिक्का मारतो, तसाच हा शब्द तिथे शिक्का मारतो. आपले, केरळचे, बंगालचे, फिलिपिन्सचे लोक एकमेकांशी अरबी बोलतात आणि एका अरबी शब्दाला व्याकरणाचा भाग करून टाकतात. म्हणून एखाद्या मुकादमाने ‘खलास?’ असं चढ्या सुरात विचारलं तर तो ठरलं का विचारत असतो, की काम पूर्ण झालं का, हे मागचं वाक्य पाहूनच ठरतं. खात्री नसेल तर उलट विचारावं, ‘श्शू खलास?’ म्हणजे ‘काय खलास?’ यात लाज नाही.

आता ‘यल्ला’. मूळ ‘या अल्लाह’, ‘हे देवा’. पण रोजच्या बोलण्यात त्यातली प्रार्थना विरघळून गेली आहे. लेबनॉनचा ख्रिस्ती माणूस तो तितक्याच सहज म्हणतो. हिब्रू बोलणाऱ्यांनीही तो उचलला आहे, तिथे ‘यल्ला बाय’ म्हणून फोन ठेवतात. शब्दकोशात सहसा अर्थ दिलेला असतो, ‘चला’. आणि आपल्या नशिबाने आपला ‘चला’ त्याला फार जवळचा आहे. आपण एकटेच असलो तरी उठताना म्हणतोच की, ‘चला, कामाला लागू’. कोणाला म्हणतोय? कोणालाच नाही. आपणच आपल्याला एका कामातून दुसऱ्या कामात ढकलतोय. ‘यल्ला’चं मुख्य काम तेच आहे. बसल्याचं उठणं करतो, थांबल्याचं निघणं करतो, बोलण्याचं संपणं करतो. म्हणून तो ‘लवकर कर’ असा हुकूमही होतो, आणि ‘आलो’ असं उत्तरही. आई जेवायला हाका मारतेय, मुलगा खेळातून न उठता ओरडतो, ‘यल्ला!’ ते ‘आलोच’ आहे, पण तो अजून आलेला नसतो.

हुकूम म्हणून तो वापरताना जपावं. मित्राला, मुलाला, बरोबरीच्याला ‘यल्ला’ चालतं. मोठ्या माणसाला किंवा मालकाला नुसतं ‘यल्ला’ म्हणणं म्हणजे त्याला हाकलल्यासारखं. इजिप्तमध्ये ‘यल्ला बीना’ म्हणतात, म्हणजे चला, आपण मिळून. ‘बीना’ने स्वतःला त्यात घातलं की हुकूम निमंत्रण होतो. आपण ‘चल’ आणि ‘चला, जाऊ या’ यांत जो फरक करतो तोच.

आता दोन्ही शब्द एकत्र पाहू, फोनच्या शेवटी. कारण दोघांची खरी जागा तिथे कळते. १९७३ साली इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की संभाषण आपोआप संपत नाही, दोघांनी मिळून पायरीपायरीने ते संपवावं लागतं. निरोपाच्या आधी प्रत्येकाला ‘माझं आणखी काही नाही’ असं सांगायची संधी मिळावी लागते. ते इंग्रजी फोनबद्दल लिहीत होते. मला तेच अरबी फोनवर रोज दिसायचं. चालकाशी एक नेहमीचा फोन असा असायचा:

‘तय्यिब. बुकरा साआ सब्आ?’ (बरं. उद्या सात वाजता?)
‘ऐवा, सब्आ.’ (हो, सात.)
‘खलास.’
‘खलास.’
‘यल्ला, मअ-स्सलामा.’
‘मअ-स्सलामा.’

यातला प्रत्येक शब्द वेगळं दार लावतो. ‘तय्यिब’ने मागचा विषय बाजूला झाला. ‘खलास’ने सात वाजताचं ठरणं बंद झालं, आणि दुसऱ्याने तोच शब्द परत दिला म्हणजे त्याच्या बाजूनेही बंद झालं. पण फोन अजून उघडा आहे. ‘यल्ला’ने निघण्याची सूचना मिळाली, आणि मग खरा निरोप. सुरुवातीला मी पहिल्या ‘खलास’वरच फोन ठेवायचो. मला वाटायचं संपलं. समोरच्याला वाटायचं, या माणसाने निरोपही न घेता आपटला. एका चालकाने नंतर प्रेमाने सांगितलं, तू फोन तोडतोस. ते ऐकून मी लक्षात ठेवलं की ‘खलास’ला ‘खलास’ परत द्यायचा, आणि ‘यल्ला’ येईपर्यंत थांबायचं.

काही विसरलं असेल तर? दोन ‘खलास’च्या मधल्या जागेत सहज सांगता येतं, ‘व अस्मिंत?’ (आणि सिमेंट?) ‘यल्ला’ येऊन गेल्यावर मात्र ‘लह्ज़ा, लह्ज़ा’, म्हणजे क्षणभर थांबा, असं म्हणूनच परत आत शिरावं लागतं, कारण तोवर माणूस मनाने उंबऱ्याबाहेर असतो.

घरी पाहुणे गेलात तर हे सगळं लांबतं. तुम्ही म्हणता, ‘यल्ला’, आणि थोडेसे सरसावता. यजमान म्हणतो, ‘लिस्सा बद्री!’ अजून लवकर आहे! आपल्याकडच्या ‘बसा हो, चहा घेऊन जा’सारखंच. पहिल्या ‘यल्ला’ला कोणी उठत नाही. दुसरा ‘यल्ला’ म्हणून चपला शोधायला लागता, तेव्हा दारापर्यंत गप्पा चालू होतात, आणि एखादी गोष्ट हटकून तिथेच आठवते. एका इजिप्शियन कुटुंबाकडे मला पहिल्या वेळी एवढं कळलं नाही. ‘लिस्सा बद्री’ म्हटल्यावर मी खरंच परत बसलो, तेव्हा घरातल्या थोरल्या बाईंनी पुन्हा चहा ठेवला. त्या चहानंतर मी ‘यल्ला’ तीनदा म्हटला आणि तिसऱ्याला उभा राहिलो.