साडेतीन मैल कमी पडले त्याचा हिशोब

मंडळी, निघण्याआधी काय काय तपासायचं, याची छापील यादी तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेल. ती मी वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी एक फेरी आपण कागदावर करून बघू आणि होडी जिथे अडकेल तिथे यादीतली एकेक वस्तू बाहेर काढू.

होडी लहान, माणसं तीन, मागे 25 अश्वशक्तीचं पेट्रोलचं आऊटबोर्ड इंजिन. जाळं 12 सागरी मैलांवर टाकायचं आहे. हे इंजिन कामाच्या वेगाला तासाला 10 लिटर खातं असं धरू. तुमचं किती खातं ते कुणाला विचारू नका, मोजा. टाकी काठोकाठ भरा, नेहमीचं वजन घेऊन तासभर चालवा आणि परत काठोकाठ भरा. जितकं पेट्रोल ओतावं लागलं तितका तुमचा खप.

जाताना होडी हलकी, वारा पाठीशी, वेग 10 नॉट. बारा मैलांना एक तास बारा मिनिटं, म्हणजे 12 लिटर. नेहमीचा हिशोब असा असतो: जायला 12, यायला 12, झाले 24, तीस घेतले म्हणजे भरपूर. या हिशोबात दोन गोष्टी सुटतात. जाळ्याभोवती दोन तास हळूहळू फिरण्यात तासाला 3 प्रमाणे 6 लिटर जातात. आणि जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर असतो, त्यात मासळीचं वजन. वेग 7 नॉटवर येतो, इंजिन मात्र तेवढंच खातं. परतीला पावणेदोन तास लागतात आणि 17 लिटर जातात.

बेरीज 35 झाली. तुमच्याकडे होतं 30. परत वळलात तेव्हा टाकीत 12 लिटर उरलं होतं. त्यावर सव्वा तास चालाल, म्हणजे साडेआठ मैल. किनारा साडेतीन मैलांवर, दिवे दिसायला लागलेत आणि इंजिन गप्प. खरं तर ते त्याआधीच गप्प होईल, कारण टाकीतली नळी तळापर्यंत पोचत नाही. होडी हेलकावली की शेवटच्या दोन-तीन लिटरांऐवजी ती हवा ओढते.

म्हणून जुना नियम असा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावता. आपल्या फेरीला 35 लिटर हे दोन तृतीयांश धरले, तर घ्यायचे 52, सोयीसाठी 55. राखीव भाग वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. त्यामागे आणखी एक कारण आहे. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल तर ते एका टाकीतच राहतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, तळाशी बसतं. निघण्याआधी टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि पाच मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी आहे. कॅन भरताना तो होडीत ठेवून भरू नका, धक्क्यावर जमिनीला टेकवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात साचून राहते आणि ठिणगीची वाट बघते.

आता त्या साडेतीन मैलांकडे परत. लक्षात घ्या, परतीला वारा तोंडावर होता, म्हणजे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय. इंजिन बंद पडलं की दर मिनिटाला तुम्ही किनाऱ्यापासून लांब जाताय. पहिलं काम नांगर. पाणी 20 मीटर खोल असेल तर 30 मीटर दोर पुरेल असं वाटतं, पण तेवढ्यावर नांगर उचलला जातो आणि नुसता घसटत येतो. तो पडून राहावा म्हणून दोर खोलीच्या निदान पाचपट हवा, इथे 100 मीटर. नांगर टाकला, आता हाक मारायची. व्हीएचएफ असेल तर चॅनल 16. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, पाण्यावर रेंज कुठे जाईल सांगता येत नाही.

मग फ्लेअर. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. इंजिन बंद पडलेलं, दूरवर एक ट्रॉलर जाताना दिसला, मी डबा उघडला. चार होते. दोघांची वेष्टणं ओलीने फुगलेली, पेटवायची टोपी गंजलेली. तिसरा पेटेना. चौथा पेटला, पण मी घाईत वाऱ्याच्या बाजूला धरला आणि वितळलेले कण मनगटावर आले. ट्रॉलर वळला, हे आमचं नशीब. डबा वर्षानुवर्षं तळातल्या पाण्याजवळ पडलेला होता, चूक सर्वस्वी माझी.

फ्लेअरची मुदत साधारण बनवल्यापासून तीन वर्षं असते, ती वर छापलेली असते. हातात धरायचा लाल फ्लेअर एक मिनिट जळतो. पॅराशूट रॉकेट सुमारे 300 मीटर वर जाऊन 40 सेकंद जळत खाली येतं. दिवसा लाल उजेड फिका पडतो, तिथे नारिंगी धूर चालतो. म्हणजे वेळ एकंदर सेकंदांत मोजायची आहे, घाबरून सगळे एकदम उडवू नका. कुणी दिसत नसेल पण असण्याची शक्यता असेल तर रॉकेट. पहिल्याने कुणाचं तरी लक्ष जातं, पण त्याला वाटतं भास झाला. मिनिटाभराने दुसरं गेलं की दिशा पक्की होते. ढग खाली असतील तर सरळ वर मारू नका, तिरपं मारा, नाहीतर उजेड ढगात जातो. हातातले लाल फ्लेअर मदत नजरेच्या टप्प्यात आल्यावरच. ते वाऱ्याच्या आडबाजूला, हात होडीच्या काठाबाहेर काढून धरा आणि उजेडाकडे बघू नका. पेटवायची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते, ती उजेडात वाचून ठेवा. मुदत संपलेले सरावासाठी पेटवू नका. लांबून बघणाऱ्याला तो खरा इशारा वाटतो आणि कुणीतरी धावत सुटतं.

लाइफ जॅकेट मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण इथे सगळे म्हणतात, "आहेत की होडीत." कुठे आहेत? बर्फाच्या खोक्याखाली, नाहीतर बसायला. बसून बसून आतला फोम चेपतो आणि चेपलेला फोम कमी तरंगतो. जॅकेटवर 100 किंवा 150 न्यूटन लिहिलेलं असतं. 100 म्हणजे साधारण 10 किलोचा उचल. सत्तर किलोच्या माणसाला हे कसं पुरेल असं मला नेहमी विचारतात. पाण्यात शरीर जवळजवळ स्वतःच तरंगतं. उचलून धरायचं असतं ते फक्त डोकं, आणि ते पाचेक किलोचं.

तपासणी उथळ पाण्यात करा. घाला, अंग सैल सोडा, मागे रेला. तोंड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. मग कुणालातरी खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत, किंवा पायांमधून जाणारा पट्टा लावलेला नाही. फुगणारं जॅकेट असेल तर तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी ढिलं झालं तर कुठेतरी गळतंय. त्यातला गॅसचा सिलिंडर तराजूवर ठेवा आणि त्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून बघा. कमी भरला तर बदला. आणि ते रेनकोटच्या वरून घाला, आतून घातलं तर फुगताना छाती आवळतं. शिट्टी प्रत्येक जॅकेटला हवीच.

पडणारा माणूस जॅकेट शोधायला थांबत नाही, म्हणून ते अंगावरच हवं. एकटे असाल तर इंजिनाच्या किल स्विचची दोरीही अंगाला बांधा, नाहीतर तुम्ही पाण्यात आणि होडी पुढे निघून गेलेली. पाणी उपसायला पंप असो वा नसो, बादली हवी. तळातल्या छिद्राचं बूच लावलंय का, हे निघताना हाताने चाचपा, डोळ्यांनी नको.

आणि घरी एक चिठ्ठी. किती माणसं, होडीचा रंग, कुठल्या बाजूला जातोय, परत किती वाजता. त्याखाली आणखी एक वेळ लिहा: सहाला यायचंय, साडेसातपर्यंत निरोप नाही आला तर बचावपथकाला फोन करायचा, नंबर हा. ही दुसरी वेळ लिहिलेली नसेल तर घरचे "येतीलच" म्हणत दहापर्यंत बसतात.