पॅड, थायपॅड आणि गार्ड : वाढत्या मुलाची तीन वेगळी मापं

नमस्कार. इथे आलेल्या बहुतेकांची मुलं यंदा जाइल्स शील्डच्या संघात आहेत, म्हणजे चौदाच्या आतली. काहींची पुढच्या एक-दोन वर्षांत हॅरिस शील्डला जातील. गेल्या रविवारी नेट्समध्ये मी एक गोष्ट मोजत बसलो होतो. एका मुलाने सहा षटकांत अकरा वेळा खाली वाकून पॅड सरळ केलं. नवं कोरं पॅड होतं, महागाचं होतं. वडिलांनी दोन वर्षं पुरावं म्हणून मोठं घेतलं होतं. आज मी फक्त मापाबद्दल बोलणार आहे, कारण माप चुकलं की पॅड कितीही चांगलं असलं तरी ते मुलाच्या पायावर नीट बसत नाही.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा केवढा आहे?’ आपण सांगतो, बारा. मग ‘बॉइज’चा सगळा सेट समोर येतो: पॅड, थायपॅड, गार्ड, सगळं एकाच लेबलाचं. माझा सगळा आग्रह या एकाच लेबलाविरुद्ध आहे. या वयात मूल सगळीकडून सारखं वाढत नाही. मुलग्यांची उंची जोराने वाढते तेव्हा वर्षाला ८ ते १० सेंटीमीटर वाढू शकते, आणि त्यात पाय आधी लांब होतात, धड मागून भरतं. मुलींमध्ये हेच दीड-दोन वर्षं आधी घडतं. त्यामुळे पॅड सगळ्यात आधी तोकडं पडतं, थायपॅड त्यानंतर, आणि कमरेचं माप बऱ्याचदा वर्षभर जवळजवळ तिथेच राहतं. तीन वस्तूंची तीन मापं वेगळी घ्यायची.

पॅडचं माप उंचीवरून काढू नका. १५० सेंटीमीटर उंचीच्या दोन मुलांची नडगी सारखी नसते. मुलाला खेळायचे बूट आणि मोजे घालायला लावा आणि खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात. नडगी जिथे पावलाला मिळते, म्हणजे बुटाची जीभ जिथे वर संपते, तिथे टेपचं टोक धरा. तिथून सरळ वर गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजा. वाटीच्या वरच्या कडेपर्यंत मोजलंत तर एक इंच वाढतो आणि तिथेच पूर्ण साइज चुकते. दोन्ही पाय मोजा, आणि मुलाला टेप धरायला देऊ नका, तो पाहायला वाकतो आणि माप हलतं. अनेक कंपन्यांच्या तक्त्यांत बॉइज साधारण साडेचौदा इंचांपर्यंत, यूथ तिथून सोळापर्यंत आणि मेन्स सोळाच्या पुढे असं असतं. कंपनीगणिक अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतो, म्हणून लेबल वाचून घरी आणायचं नाही. धोबी तलावच्या दुकानात जा, बूट सोबत न्या आणि पॅड बांधून पाहा.

बांधल्यावर काय पाहायचं? पॅडवर गुडघ्यासमोर आडव्या गाद्या असतात, बहुतेक पॅडांना तीन. त्यांना आपण नी-रोल म्हणतो. मुलाला स्टान्स घ्यायला लावा, गुडघे नेहमीसारखे वाकवून. वाटी मधल्या गादीच्या मागे यायला हवी. पॅड गुडघ्याशी वाकतं ते या गाद्यांमुळेच. वाटी वरच्या गादीच्या वर सरकली असेल तर पॅड लहान आहे. चेंडू लागेल तो पातळ जागी. वाटी खालच्या गादीच्याही खाली असेल तर पॅड मोठं. मग वाकताना पॅड वाकायच्या जागी वाकत नाही, वरचा भाग मांडीला ढकलतो आणि खालचा भाग बुटावरून सुटून पुढे येतो. मोठ्या पॅडची आणखी एक खूण म्हणजे धावताना ते पायाभोवती फिरतं. तीन धावांचा अंदाज धरून बॅटसह बावीस यार्ड तीनदा पळवा. थांबल्यावर नी-रोल समोर आहेत की बाहेरच्या बाजूला गेलेत, एवढंच पाहा.

पट्ट्यांबद्दल थोडं. त्यांची टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवीत. आत आली तर धावताना एकमेकांत अडकतात, आणि डावं-उजवं उलट झालंय हेही त्यावरूनच कळतं. गुडघ्यामागची पट्टी घट्ट आवळून मोठं पॅड बसवायचा मोह होतो. तिथे एक बोट सहज जायला हवं, नाहीतर पाच षटकांत पोटरी भरून येते. पट्टी अगदी शेवटच्या टोकापर्यंत ओढावी लागत असेल, तर ते पॅड त्या पोटरीसाठी नाही.

आता थायपॅड. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा डावा पाय पुढे असतो. तो आडवा उभा असल्यामुळे गोलंदाजाला डाव्या मांडीची बाहेरची बाजू दिसते आणि उजव्या मांडीची आतली बाजू. म्हणून मोठं थायपॅड डाव्या मांडीला बाहेरून, आणि छोटं, आतल्या बाजूचं, उजव्या मांडीला. डावखुऱ्या मुलाला हे सगळं उलट लागतं. दुकानात तसं स्पष्ट सांगा, नाहीतर समोर उजव्याचंच येतं.

थायपॅडच्या मापात दोन गोष्टी येतात. कमरेचा पट्टा हा पहिला भाग, पण तो बराच कमी-जास्त करता येतो. खरी अडचण लांबीची. पायातलं पॅड आधी बांधा आणि मग थायपॅडची लांबी ठरवा, कारण ही लांबी पॅडच्या वरच्या टोकावर अवलंबून असते. सरळ उभं राहिल्यावर थायपॅडची खालची कड पॅडच्या वरच्या टोकामागे दोन-तीन बोटं झाकली गेली पाहिजे. मध्ये फट राहिली तर ती नेमकी अशा जागी राहते, जिथे उसळलेला चेंडू लागतो. पण पाच-सहा बोटं झाकली जात असतील तर गुडघा वाकला की पॅड थायपॅडला वर ढकलतं, कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि आतल्या बाजूचं पॅड जांघेत टोचतं. मूल मग पाय पुढे टाकायचं टाळतं. आपल्याला वाटतं फुटवर्क बिघडलं. मी स्वतः एका मुलाला महिनाभर ‘पाय टाक, पाय टाक’ म्हणून ओरडलोय, आणि त्याच्या जांघेत सालपट निघालं होतं. त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गार्डबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून मी जरा जास्त बोलतो. एल गार्ड म्हणा, सेंटर गार्ड म्हणा. जांघेतल्या नाजूक जागेवरचं हे कवच चेंडूचा मार स्वतःच्या कडांवर घेतं आणि आजूबाजूच्या हाडावर पसरवतं. आतला भाग मोकळा राहायला हवा. म्हणून सगळं कडांवर अवलंबून आहे. कवच मोठं असलं तर कडा मांड्यांवर टेकतात आणि स्टान्समध्ये मांड्या जवळ आल्या की ते बाजूला सरकतं. फार लहान असलं तर कड नको तिथेच येते. आणि माप बरोबर असून सपोर्टर ढिला असला तर कवच आणि शरीर यात अंतर पडतं. मग चेंडू कवचाला लागतो आणि कवच मुलाला.

म्हणून इथे कंबर महत्त्वाची. कवचाची साइज वयाप्रमाणे ज्युनिअर, यूथ, मेन्स अशी येते, पण ते जागेवर धरतो सपोर्टरचा इलॅस्टिक. तो बेंबीवर बसत नाही, खाली कमरेच्या हाडांवर बसतो. टेप तिथेच धरा. शाळेच्या पँटचं माप सांगू नका, त्यात इलॅस्टिक आणि वाढीव शिवण दोन्ही असतं. कवच सपोर्टरच्या खिशात, निमुळतं टोक खाली. घरी, बंद खोलीत, मुलाला स्वतः पाहू द्या: उठाबशा काढ, जागच्या जागी पळ, मग मुठीच्या पेरांनी कवचावर ठोक. कवच हललं किंवा कड टोचली तर तो सांगेल, फक्त विचारणारं कुणीतरी हवं. गार्ड प्रत्येकाचं वेगळं असतं. किटबॅगेतलं सामाईक गार्ड वापरू नका, त्वचेचे संसर्ग पसरतात. मुलींचं गार्ड वेगळ्या आकाराचं मिळतं, तेच घ्या. आणि मार बसल्यावर दुखणं तासाभरात उतरलं नाही, सूज आली किंवा उलटी झाली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. लाजेपायी मुलं हे लपवतात.

एक उदाहरण पूर्ण सांगतो. गेल्या जूनमध्ये एक मुलगा आला. वय बारा, उंची १५० सेंटीमीटर, उजव्या हाताने खेळणारा. नडगीचं माप आलं साडेछत्तीस सेंटीमीटर, म्हणजे साडेचौदा इंचांना जरा कमी. कंबर हाडांवर ६२ सेंटीमीटर, साधारण साडेचोवीस इंच. तक्त्याप्रमाणे त्याला बॉइज. बांधून पाहिलं तर वाटी वरच्या गादीला टेकत होती. यूथ बांधलं तेव्हा ती मधल्या आणि खालच्या गादीच्या मध्ये आली. तीन धावा पळाला, पॅड फिरलं नाही, बुटावरून सुटलंही नाही. यूथ घेतलं, कारण वाढायला वर जागा होती. अर्धा इंच वाढीव चालतो. यापेक्षा जास्त चालत नाही.

मग वडील म्हणाले, थायपॅडही यूथच द्या. बांधलं. उभा असताना ठीक वाटलं, स्टान्स घेतला आणि कमरेचा पट्टा पोटावर. बॉइजचं बांधलं, दोन बोटं झाकलं गेलं, पट्टा जागेवर राहिला. सपोर्टर आणि कवच ज्युनिअर. म्हणजे एकाच मुलाचं पॅड यूथ, थायपॅड बॉइज आणि गार्ड ज्युनिअर.

यंदा मेमध्ये, अकरा महिन्यांनी, पुन्हा मोजलं. उंची १५८. नडगी साडेअडतीस सेंटीमीटर, पंधरा इंचांच्या वर थोडी. वाटी आता मधल्या गादीच्या बरोबर मागे होती, तेच पॅड आणखी काही महिने चालेल. थायपॅड आणि पॅड यांच्यात मात्र बोटभर फट दिसत होती, ते बदललं. कंबर एकच सेंटीमीटर वाढली होती. कवच ज्युनिअरच राहिलं, सपोर्टर धुऊन धुऊन सैल झाला होता म्हणून तेवढा नवा घेतला.

दर चार महिन्यांनी मोजा. शाळेच्या मॅचेस सुरू होण्याआधी एकदा, उन्हाळी शिबिराआधी एकदा, आणि पावसाळ्यात एकदा. मापं तारखेसह पॅडच्या आतल्या कापडावर पेनने लिहून ठेवा. ते पॅड पुढे धाकट्या भावाकडे किंवा संघातल्या दुसऱ्या मुलाकडे जाईल, तेव्हा घेणाऱ्याला आधी आपला पाय मोजता येईल. आता टेप आणले आहेत. एकेकाने मुलाला खुर्चीवर बसवा, बूट घालूनच.