वाढ आहे, म्हणून भाव जास्त?
(फोंडा इथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

फोंड्यात बसलोय, तर कुळागरापासूनच सुरुवात करू. कोणी कुळागर विकायला काढलं, तर गेल्या वर्षीच्या सुपारीचे पैसे मालकाच्या खिशात गेलेले असतात. तुम्ही पैसे मोजता ते येणाऱ्या पिकाचे. शेअरची किंमत P0 काढायच्या गॉर्डनच्या सूत्रात वर D1, म्हणजे पुढच्या वर्षीचा लाभांश असतो; D0, म्हणजे नुकताच दिलेला लाभांश नसतो, तो याचसाठी:

P0 = D1 / (k − g)

आता गणित घ्या. कंपनीने नुकताच शेअरमागे 8 रुपये लाभांश दिला. तो नफ्याच्या 40 टक्के, म्हणजे ईपीएस 20 रुपये. भागभांडवलावरचा परतावा, आपला आरओई, 15 टक्के. गुंतवणूकदाराला हवा असलेला परतावा, k, 13 टक्के. नफ्यातले 60 टक्के कंपनीतच राहतात, म्हणून वाढीचा वेग, g = 0.60 × 15 = 9 टक्के.

बरेचजण इथे 8 ला 0.04 ने भागतात आणि 200 लिहितात. मग पीई, म्हणजे किंमत भागिले ईपीएस, काढतात: 0.40 / 0.04 = 10, गुणिले 20, पुन्हा 200. ताळा जमला म्हणून खूश! दोन्हीकडे चूक एकच झाली, म्हणून तो जमला. ‘नुकताच दिला’ हे शब्द वाचलेच नाहीत. D1 = 8 × 1.09 = 8.72, आणि किंमत 218 रुपये. 10 हा पीई पुढच्या वर्षीच्या ईपीएसला, म्हणजे 21.80 ला लावायचा. मागच्या ईपीएसवर तोच पीई 10.9 होतो. प्रश्नात पीई दिला असेल, तर तो कुठल्या वर्षाचा हे आधी बघा.

आता मला खरं सांगायचंय ते. पुढच्या वर्षीचा नफा 21.80 च ठेवा, पण कंपनीने तो सगळा दरवर्षी वाटून टाकला असं समजा. वाढ शून्य, किंमत 21.80 / 0.13 = 167.69. म्हणजे 218 मधले सुमारे 50 रुपये वाढीचे.

आरओई 15 ऐवजी 13 घ्या, 60 टक्के राखणं तसंच ठेवा. g होतो 7.8 टक्के. किंमत 8.72 / 0.052, पुन्हा 167.69! कंपनी दरवर्षी जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढतेय आणि भागधारकाच्या पदरात जास्तीचं काहीच नाही. आरओई 10 झाला तर g 6 टक्के आणि किंमत 124.57. कुळागरातली नवी रोपं खर्चाच्या मानाने कमी पीक देणार असतील, तर पैसे घरी नेलेले बरे.

सूत्राचं एक दुखणं मात्र आहे. पहिल्याच गणितात, D1 तोच ठेवून, g 9 ऐवजी 11 धरला, तर 218 चे थेट 436 होतात. g हा k च्या इतका जवळ आला की उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. असा वेग कायम टिकत नाही. आणि g हा k हून मोठा असेल, तर सूत्र लावायचंच नाही. वेगवान वर्षांचे लाभांश एकेक करून आजच्या किमतीत आणायचे आणि वेग मंदावल्यावरच गॉर्डनला बोलवायचं.

पेपर देताना उत्तराशेजारी पुढच्या वर्षीचा ईपीएस भागिले k लिहून ठेवा. आरओई k पेक्षा कमी असून तुमची किंमत त्या आकड्याच्या वर गेली, तर g परत काढा.