मार्केटप्लेस दिसत नाही: दार उघडलेच नाही की उघडून बंद झाले?

फेसबुकवरचे मार्केटप्लेस २०१६ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. तिथे वैयक्तिक प्रोफाइलवरून जुनी सायकल, कपाट, पुस्तके विकता येतात. एखाद्या दिवशी मात्र त्या चिन्हावर बोट ठेवल्यावर Marketplace isn't available to you असे वाक्य समोर येते. बहुतेक जण लगेच तक्रार लिहायला बसतात. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: हे दार तुमच्यासाठी कधी उघडलेच नव्हते, की उघडे होते आणि नंतर बंद झाले? दोन्ही वेळी पडद्यावरचे वाक्य जवळपास सारखेच असते, पण कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

दार कधीच उघडले नसेल, तर आधी वय पाहायचे. इथे 'वय' या शब्दाने फार घोटाळा होतो, कारण दोन वये तपासली जातात. एक तुमचे, दुसरे खात्याचे. तुमचे वय १८ पूर्ण हवे, आणि ते प्रोफाइलवर भरलेल्या जन्मतारखेवरून मोजले जाते. खाते उघडताना घाईत चुकीचे साल निवडलेला चाळिशीचा माणूसही यंत्रणेच्या लेखी सोळा वर्षांचा असू शकतो. तारीख दुरुस्त करता येते, पण ती पुन्हा पुन्हा बदलू देत नाहीत. एकदा बदलली की पुढच्या बदलासाठी थांबावे लागते. म्हणून ओळखपत्रावर आहे तीच तारीख एकदाच नीट भरावी.

दुसरे वय खात्याचे. नव्या खात्यांना मार्केटप्लेस मिळत नाही, एवढे फेसबुक आपल्या मदत-पानावर सांगते. लोकांच्या तोंडी मात्र तीस दिवस, साठ दिवस असे ठाम आकडे असतात, आणि एकतिसाव्या दिवशीही दार बंदच दिसले की अन्याय झाल्यासारखे वाटते. ही अट कशासाठी आहे ते लक्षात घेतले तर तसे वाटणार नाही. फसवणूक करणारा माणूस सकाळी खाते उघडतो, दुपारी अस्तित्वात नसलेला फोन विकायला टाकतो, आगाऊ पैसे घेतो आणि संध्याकाळी नाहीसा होतो. त्याला अडवायचे तर खाते जुने असून भागत नाही, ते वापरात असल्याचेही दिसावे लागते. नियमित वापराने मार्केटप्लेस मिळण्याची शक्यता वाढते, असे फेसबुकच म्हणते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी उघडून तसेच पडून राहिलेले खाते कागदोपत्री जुने असले, तरी त्याच्या खात्यावर विश्वास म्हणून फारसे काही जमा झालेले नसते. अशा वेळी रोजचा साधा वापर आणि धीर, एवढाच मार्ग उरतो. एका दिवसात शंभर मैत्री-विनंत्या पाठवून 'सक्रियता' दाखवायला जाऊ नये. ते वागणे ठगांच्या वागण्याशीच जुळते.

जुने खाते विकत घेण्याचाही एक धंदा चालतो. त्या वाटेला जाऊ नये. खाते दुसऱ्याला देणे-घेणे नियमाबाहेर आहे, शिवाय मूळ मालक ते केव्हाही परत ताब्यात घेऊ शकतो. एकाच खात्याखाली जास्तीच्या प्रोफाइल काढण्याची सोय २०२३ मध्ये आली, तेव्हा मार्केटप्लेस त्या जास्तीच्या प्रोफाइलना दिलेले नव्हते. म्हणून अशी प्रोफाइल असेल, तर आधी मुख्य प्रोफाइलवर जाऊन पाहावे. तिथे दार उघडे असेल, तर मुळात अडचणच नाही.

आता उघडून बंद झालेले दार. इथे Commerce Policies, म्हणजे विक्रीचे नियम, आड आलेले असण्याची शक्यता मोठी. दारू, तंबाखू, शस्त्रे चालत नाहीत हे सगळ्यांना माहीत असते. गफलत होते ती घरगुती, निरुपद्रवी वस्तूंच्या बाबतीत.

एक उदाहरण सविस्तर पाहू. बाळ मोठे झाले, म्हणून घरातले जुने सामान काढायचे आहे. बाबागाडी, पाळणा, स्तनपंप, तापमापक आणि प्रथमोपचाराची पेटी, असे पाच जिन्नस एकाच संध्याकाळी टाकले. बाबागाडी आणि पाळणा यांना तत्त्वतः हरकत नाही, पण त्याच मॉडेलमध्ये दोष आढळून कंपनीने माल परत मागवलेला नाही ना, हे पाहावे लागते, कारण तसा माल विकायला बंदी आहे. उरलेल्या तिन्ही वस्तू वैद्यकीय आणि आरोग्यविषयक मालाच्या नियमात येतात आणि काढल्या जातात. विकणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, तरी त्याच्या नावावर एका संध्याकाळी तीन उल्लंघने लागली. त्याने त्या जाहिराती शब्द थोडे बदलून पुन्हा टाकल्या, की आकडा सहावर जातो. खरे नुकसान या दुसऱ्या फेरीत होते. पहिल्या वेळी चूक म्हणून सोडता येते, पुन्हा टाकणे हे नियम चुकवणे दिसते.

प्राण्यांच्या बाबतीतही असेच घडते. पिंजरा विकायला चालतो, जिवंत पक्षी चालत नाही. मग पिंजऱ्याच्या फोटोत पक्षी बसलेला असेल, तर पाहणाऱ्याने काय समजायचे? वर्णन आणि फोटो एकमेकांशी जुळायला हवेत, आणि विकायला प्रत्यक्ष वस्तू असायला हवी. 'हवे आहे' अशी मागणी, विनोद किंवा बातमी तिथे टाकली तर तेही उल्लंघनच धरले जाते.

बंदी आली की आधी Help & support मधून Support Inbox उघडावा. कोणती जाहिरात कोणत्या नियमाखाली काढली, हे तिथे सापडते. ती खरोखर नियमाबाहेर असेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही. उरलेल्या चालू जाहिराती त्याच नजरेने तपासाव्यात आणि शंकास्पद असतील त्या स्वतःच काढाव्यात. मगच संगणकावरून मार्केटप्लेसचे चिन्ह उघडून Request Review दाबावे आणि अर्ज भरावा. अर्जात रागाचा उपयोग नाही. 'तापमापक आणि प्रथमोपचार पेटी वैद्यकीय मालात मोडते हे माहीत नव्हते, त्या जाहिराती काढल्या आहेत, पुन्हा टाकणार नाही', एवढ्या ओळी पुरेत. यंत्रणेची चूक असेल, तर वस्तू नेमकी काय आहे ते दोन वाक्यांत सांगावे: 'ही लाकडी खेळण्यातली बंदूक आहे, तिच्यातून काहीही उडत नाही.' उत्तर Support Inbox मध्ये किंवा खात्याच्या ईमेलवर येते. तोवर रोज नवा अर्ज टाकू नये.

उत्तर नकारार्थी येऊ शकते आणि तो नकार कायमचाही असू शकतो. Request Review चे बटणच दिसत नसेल, तर त्या दारातून अर्ज करायची सोय त्या क्षणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी नवे खाते काढण्याचा मोह होतो. पण एका माणसाचे एकच वैयक्तिक खाते, हा फेसबुकचा नियम आहे. नव्या खात्याला वयाची अट पुन्हा पहिल्यापासून लागते, आणि बंदी चुकवण्यासाठी काढलेले खाते ओळखले गेले तर तेही जाते.

याच काळात 'मार्केटप्लेस सपोर्ट' अशा नावाने मेसेंजरवर निरोप येऊ शकतो: चोवीस तासांत खात्री करा, नाहीतर खाते कायमचे बंद. सोबत एक दुवा असतो. तो उघडू नये. खरी सूचना Support Inbox मध्येही असते. तिथे नसेल तर निरोप खोटा समजावा. पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड मागणारा, किंवा पैसे घेऊन मार्केटप्लेस 'चालू करून देतो' म्हणणारा, कोणीही असो, त्याला काहीच देऊ नये. विक्रीचे दालन गेले तर फक्त विक्री थांबते. हा कोड गेला तर फोटो, संदेश, मित्रांची यादी यांसह सगळे खातेच दुसऱ्याच्या हाती जाते.